एकच ओळ, तीन कागद : वहिनींच्या गाडीचं जॉबकार्ड

वहिनी साताऱ्याला शाळेत शिकवतात. त्यांची पेट्रोल हॅचबॅक चार वर्षांची आहे. चाळीस हजारांच्या सर्व्हिससाठी त्यांनी सकाळी साडेनऊला ती वर्कशॉपला सोडली आणि अकरा वाजता मला फोटो आला : एस्टिमेट, एकूण २०,८५०. खाली एकच वाक्य, "भाऊजी, मागच्या वर्षी सहा हजारांत झालं होतं."

माझं आता कराडला छोटं गॅरेज आहे, पण त्याआधी नऊ वर्षं मी याच टेबलाच्या पलीकडे बसत होतो, सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून. त्यामुळे तो कागद कसा तयार होतो ते मला ठाऊक आहे. ॲडव्हायझर सरसकट चोर नसतो. पण त्याला महिन्याचं टार्गेट असतं, त्यात 'व्हॅल्यू ॲडेड' कामांचा वेगळा रकाना असतो, आणि महिना संपत आला की त्या रकान्याकडे साहेबाचं लक्ष जास्त असतं. वहिनींनी गाडी सोडली ती सत्तावीस तारखेला.

त्या दिवशी मला साताऱ्याला सामान आणायला जायचंच होतं. त्यांना फोनवर एवढंच सांगितलं, की अजून कशालाच 'हो' म्हणू नका, मी दीडपर्यंत पोचतो. शाळेला अर्धी सुट्टी टाकून त्याही आल्या, सोबत जुन्या बिलांची फाइल आणि लाल पेन.

सकाळचा कागद

आधी एस्टिमेट बाजूला ठेवलं आणि सकाळी सही केलेलं जॉबकार्ड मागितलं. लोक याच्याकडे पावतीसारखं बघतात, घडी घालून पर्समध्ये टाकतात. खरं तर पुढचा सगळा वाद-संवाद याच कागदावर उभा असतो. गाडीचा नंबर, आत येतानाचं किलोमीटर, पेट्रोल किती, कुठे ओरखडे आहेत, आणि मधला रकाना, ग्राहकाची तक्रार.

वहिनींनी सकाळी सांगितलं होतं : "खड्ड्यातून हळू जाताना पुढून, डाव्या बाजूने टक-टक आवाज येतो. वेगात येत नाही." कार्डावर लिहिलं होतं : "सस्पेन्शन नॉइज चेक." डावी बाजू गेली, खड्डा गेला, हळू वेग गेला. मेकॅनिकच्या हातात पोचतं ते हे तीन शब्दांचं कार्ड. वहिनी त्याला भेटतच नाहीत. मग तो गाडी लिफ्टवर घेतो, खाली बघतो, आणि जे जे जुनं दिसेल ते लिहून देतो. एस्टिमेटमध्ये दोन्ही लोअर आर्म आणि दोन्ही लिंक रॉड, म्हणजे पुढच्या चाकांजवळचे सस्पेन्शनचे दांडे, आले होते ते असे.

जॉबकार्डावर आत येतानाचं रीडिंग ४१,२६० होतं. आम्ही गाडीपाशी गेलो, चावी फिरवली, मीटर ४१,२६०. म्हणजे आवाजाचं निदान झालं, पार्ट ठरले, मजुरी ठरली, आणि गाडी वर्कशॉपच्या फाटकाबाहेर गेलीच नव्हती. आवाजाची तक्रार असेल तर हे एक रीडिंग आधी बघावं. मीटर एक-दोन किलोमीटर तरी पुढे गेलेलं नसेल, तर तो आवाज कुणी ऐकलेलाच नाही.

मी ॲडव्हायझरला म्हटलं, चला, आपण तिघं एक चक्कर मारू. पोरगा चांगला होता, आढेवेढे न घेता आला. मागच्या गल्लीत खोदलेला रस्ता होता, पहिल्या खड्ड्यातच आवाज आला. परत येऊन गाडी लिफ्टवर घेतली. मेकॅनिकने डाव्या लिंक रॉडला हाताने धरून हलवलं, तोच टक-टक. उजव्यालाही थोडा खेळ होता. लोअर आर्मच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, लोखंडी टॉमी घालून बघितली. रबराला वरवर बारीक चिरा होत्या, पण ते फाटलं नव्हतं, धातूपासून सुटलं नव्हतं. बॉल जॉइंटचं रबरी बूट शाबूत आणि जॉइंटला खेळ नाही. चार वर्षांच्या रबरावर चिरा दिसणारच. चिरा दिसल्या म्हणून आर्म बदलायचा नसतो, तो हलायला लागला की बदलायचा.

दोन लोअर आर्म, ४,२०० रुपये, कागदावरून गेले. लिंक रॉड दोन्ही ठेवले, १,३००. सस्पेन्शनची मजुरी १,४०० ची ५०० झाली. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे ८०० सुद्धा गेले, कारण ते आर्म बदलणार म्हणूनच आले होते. लिंक रॉड बदलल्याने चाकाचा कोन बदलत नाही, आणि तीन महिन्यांपूर्वी टायर घेताना वहिनींनी अलाइनमेंट करून घेतल्याचं बिल फाइलमध्ये होतं.

चाळीस टक्के कुणाचे?

पुढची मोठी ओळ, "फ्रंट ब्रेक पॅड सेट – रिप्लेस", २,४००, अधिक मजुरी ५००. ब्रेक म्हटलं की माणूस घाबरतो आणि सही करतो. ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, पॅड चाळीस टक्केच राहिलेत."

मी मेकॅनिकचं तपासणीपत्रक मागितलं. हा वेगळा कागद असतो, जॉबकार्डाला मागे टाचलेला, आणि ग्राहकाला सहसा कुणी दाखवत नाही. त्यावर त्याच्या हस्ताक्षरात होतं, "फ्रंट पॅड ४०%". मेकॅनिकला विचारलं, चाळीस उरलेत की झिजलेत? तो म्हणाला, "झिजलेत की. साठ आहेत अजून." म्हणजे खालच्या माणसाने झीज लिहिली आणि वरच्याने ती शिल्लक म्हणून वाचली. यात लबाडी नव्हती, पण या घोटाळ्याची किंमत २,९०० रुपये होती. टक्क्यात लिहिलेली झीज मी म्हणूनच मानत नाही, मिलिमीटर मागतो.

चाक काढलेलंच होतं. व्हर्नियर लावला. लोखंडी पट्टी सोडून फक्त घासणारा थर मोजायचा. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड ६.२ मिमी, आतला ५.६. उजवीकडेही जवळपास तेवढेच. स्टोअरमधून नवा सेट मागवून त्याचाही थर मोजला, १० मिमी. म्हणजे ४१ हजार किलोमीटरमध्ये सगळ्यात झिजलेला पॅड ४.४ मिमी गेला, साधारण साडेनऊ हजाराला एक मिलिमीटर. आम्ही गॅरेजवाले ३ मिमी उरले की बदलायला सांगतो. ५.६ मधून ३ गेले, राहिले २.६. याच वेगाने झिजले तर आणखी चोवीस हजार चालतील. कास पठाराच्या वाटेवर रोज वर-खाली असतं तर हिशेब वेगळा झाला असता, पण वहिनींची गाडी घर ते शाळा चालते.

आतला पॅड नेहमी मोजावा. बाहेरचा चाकाच्या फटीतून दिसतो, म्हणून सगळे तोच बघतात. दोन्हीत अर्धा-पाऊण मिलिमीटरचा फरक चालतो. आतला दोन-तीन मिलिमीटरने जास्त झिजलेला असेल तर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन अडकत असते. तिथे नुसते पॅड बदलले तर नवेही तसेच तिरके झिजतील. इथे तसं नव्हतं. पॅड साफ करून, पिनांना ग्रीस लावून बसवायचं ठरलं, आणि ते मूळ सर्व्हिसच्या मजुरीतच येतं.

एस्टिमेटवर त्या ओळीसमोर मजुरीत "आर अँड आर" असं छापलं होतं. वहिनींना वाटलं, रिप्लेस. हे नेहमी फसवतं. बऱ्याच वर्कशॉपमध्ये त्याचा अर्थ 'काढणे आणि परत बसवणे' एवढाच असतो, तोच पार्ट परत बसवणे. नवा पार्ट बदलला असेल तर मजुरीच्या ओळीशिवाय पार्टच्या यादीत त्याचा स्वतंत्र पार्ट नंबर आणि नग आलाच पाहिजे. फक्त मजुरीची ओळ दिसली तर काहीही बदललेलं नाही असं धरावं.

पुस्तक काय म्हणतं

उरलेल्या ओळींसाठी गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल काढलं. मागच्या पानांवर देखभालीचा तक्ता असतो : वर किलोमीटर आणि महिने, डावीकडे पार्ट, मधे 'तपासा' नाहीतर 'बदला'. यांच्या तक्त्यात चाळीस हजारांच्या रकान्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग यांच्यासमोर 'बदला' होतं. एस्टिमेटमध्ये हे चारही होते. त्यावर वाद नाही. प्लग इरिडियमचे असते तर इतक्या लवकर बदलायची गरज नसती, पण यांच्या गाडीला साधे निकेलचे आहेत, आणि त्यांचं आयुष्य साधारण इतकंच.

ऑइलच्या ओळीत नग ३.५ लिटर होता. मॅन्युअलमध्ये फिल्टरसह क्षमता ३.१ लिटर. डबा साडेतीन लिटरचा असेल तर बिल पूर्ण डब्याचं होऊ शकतं, पण मग उरलेलं ऑइल डब्यासकट गाडीत मिळायला हवं. इथे बॅरलमधून गनने भरतात, म्हणजे जितकं भरलं तितकंच बिलात. ३.१ केलं. फरक दोनशेचा, पण एका गाडीचे दोनशे. दिवसाला तीस गाड्या धरल्या तर ते ऑइल कुठे जातं हा प्रश्न मी नोकरीत असताना विचारून पाहिला होता. उत्तर मिळालं नाही.

मग पाच ओळी होत्या ज्यांचा तक्त्यात मागमूस नव्हता : इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग. मिळून ४,९५०. यातलं एकही काम मुळात खोटं नाही. इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीवर काजळी बसली की गाडी उभी असताना आरपीएम वर-खाली होतो, सिग्नलला बंद पडते. तेव्हा ती साफ करायलाच हवी. एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर आत बुरशी धरलेली असते. महाबळेश्वर किंवा कोकणात राहणारी गाडी असेल तर अंडरबॉडी कोटिंगला मी स्वतः हो म्हणेन. विचारायचं एवढंच, की या गाडीत त्या कामाचं कारण काय दिसलं? वहिनींची गाडी एका जागी शांत उभी राहते, वास नाही, ॲव्हरेज मागच्या वर्षाइतकंच. ॲडव्हायझरकडे एकाही ओळीचं कारण नव्हतं. "सगळ्या गाड्यांना करतो," म्हणाला. इंजिन फ्लशवर तर माझा रागच आहे. वेळच्या वेळी ऑइल बदललेल्या इंजिनात धुवायला काही साचलेलं नसतं.

शेवटी तो म्हणाला, "केलं नाही तर एक्स्टेंडेड वॉरंटीला प्रॉब्लेम येऊ शकतो." वहिनींनी वॉरंटीचं पुस्तक उघडून त्याच्यासमोर ठेवलं. शाळेत बाकावर वही ठेवतात तसं. त्यात अट होती ती तक्त्याप्रमाणे सर्व्हिस करण्याची. तक्त्यात जे नाही, ते न केल्याने वॉरंटी कशी जाईल? तो विषय तिथेच थांबला.

पण तक्ता वाचताना उलटंही सापडलं. ब्रेक फ्लुइड, दर दोन वर्षांनी 'बदला'. फाइलमध्ये शेवटचं ब्रेक फ्लुइडचं बिल बरोबर दोन वर्षांपूर्वीचं, वीस हजारांच्या सर्व्हिसचं. आणि वीस हजार आठशेच्या एस्टिमेटमध्ये ही ओळच नव्हती! हे फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रकारचं नवं फ्लुइड किमान २०५ अंशांना उकळतं, पण ओल धरलेल्या फ्लुइडसाठी मानकातली मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. आंबेनळी घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर चाकापाशी तेवढी उष्णता होऊ शकते. फ्लुइड उकळलं की नळीत वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. पॅड साडेपाच मिलिमीटर असूनही. खर्च फ्लुइड आणि मजुरी धरून ६००. ही ओळ आम्ही सांगून वाढवली. ॲडव्हायझरने जरा चमकून बघितलं.

नवं एस्टिमेट झालं : ऑइल १,५५०, ऑइल फिल्टर आणि वॉशर १५०, एअर फिल्टर ३५०, प्लग ६००, एसीचा केबिन फिल्टर ४५०, लिंक रॉड १,३००, ब्रेक फ्लुइड ६००, सर्व्हिसची मजुरी २,०००, लिंक रॉडची ५००. एकूण ७,५००, कर धरून. कर धरलाय का हे विचारून घ्यावं. सप्टेंबर २०२५ पासून पार्ट आणि मजुरी दोन्हींवर जीएसटी १८ टक्के आहे, आणि काही ठिकाणी एस्टिमेट कराशिवाय दाखवतात.

सही करण्याआधी वहिनींनी लाल पेनाने कार्डावर दोन ओळी लिहिल्या : फोनवर विचारल्याशिवाय नवीन काम करू नये. बदललेले जुने पार्ट परत हवेत. दुसरी ओळ सकाळीच लिहिली तर काम सोपं होतं. संध्याकाळी मागितलं की पार्ट 'भंगारात गेले' असतात. वॉरंटीत फुकट बदललेला पार्ट मात्र कंपनीला परत जातो, तो मागून मिळत नाही.

आणि एक काम मी गुपचूप केलं. डॅशबोर्डचा कप्पा सोडवला की मागे केबिन फिल्टर असतो, पाच मिनिटांत निघतो. त्याच्या प्लास्टिकच्या कडेवर मार्करने एक ठिपका दिला. एअर फिल्टरच्या कडेवर दुसरा. लिफ्टवर गाडी होती तेव्हा ऑइल फिल्टरच्या बुडाला तिसरा.

संध्याकाळची पिशवी

सहा वाजता बिल आलं, ७,५००. बाहेर जातानाचं रीडिंग ४१,२६६. आमच्या चकरेनंतर मेकॅनिकने परत गाडी फिरवून बघितली होती, हे त्या आकड्यातच होतं. सोबत जुन्या पार्टची पिशवी.

पिशवी कागदावर ओतली. चार प्लग, टोकं झिजून गोल झालेली, फट रुंद. ठीक. दोन लिंक रॉड, डावा हातात धरला तर बॉल सैल लोंबतोय. ठीक. ऑइल फिल्टर, बुडाला ठिपका. एअर फिल्टर, ठिपका. डिपस्टिक काढली, ऑइल मधाच्या रंगाचं, दोन खुणांच्या मधे. हे त्याच दिवशी बघावं, चार-पाचशे किलोमीटरनंतर नवंही काळपट दिसतं. ब्रेक फ्लुइडची टाकी, पिवळसर पारदर्शक, वरच्या खुणेला.

केबिन फिल्टर पिशवीत होता. काळा, मळका, पानांचे तुकडे अडकलेला. पण ठिपका नव्हता. आणि लांबीला बोटभर जास्त होता.

मी कप्पा सोडवला. आत वहिनींचाच फिल्टर, हवा मारून साफ केलेला, कडेवर माझा ठिपका.

आता इथे ओरडून काही होत नाही. मी स्टोअरची इश्यू स्लिप मागितली. हा तिसरा कागद. मेकॅनिकला लागणारा प्रत्येक पार्ट स्टोअरमधून जॉबकार्डच्या नंबरावर निघतो, त्याची नोंद असते. बिलावरची प्रत्येक पार्टची ओळ त्या स्लिपवर सापडली पाहिजे. स्लिपवर ऑइल, दोन फिल्टर, वॉशर, प्लग, लिंक रॉड, ब्रेक फ्लुइड. केबिन फिल्टरच्या ओळीसमोर नग शून्य. स्टॉकच नव्हता. एस्टिमेटवरून बिल जसंच्या तसं बनलं होतं, कुणी स्लिपशी ताडून पाहिलं नव्हतं.

मग पिशवीत तो दुसऱ्याच गाडीचा फिल्टर कसा आला? ॲडव्हायझर म्हणाला, पिशवी भरताना बाकावरचा चुकून आला असेल. असेलही. मी ते शब्द मोजत बसलो नाही. वर्क्स मॅनेजर आला, त्याने तीन कागद शेजारी ठेवून बघितले आणि बिल रद्द करून नवं काढलं, ७,०५०. तोंडी 'पुढच्या वेळी ॲडजस्ट करतो' हे आम्ही घेतलं नाही, कारण जुन्या बिलात फिल्टर 'बदलला' अशी नोंद राहिली असती आणि पुढच्या वर्षी तक्ता वाचताना ती चुकीची निघाली असती.

घरी जाताना खोदलेल्या रस्त्याने मुद्दाम गेलो. आवाज नव्हता.

आठवड्याने फिल्टर आल्याचा फोन आला. वहिनींनी तो काउंटरवरून विकत घेतला, खोक्यावरचा पार्ट नंबर बिलाशी जुळवला आणि पार्किंगमध्येच कप्पा सोडवून स्वतः बसवला. मला फोटो आला. फिल्टरच्या कडेवर लाल पेनाने तारीख आणि ४१,३९०.